७५००, ७६००, ७७००: ट्रान्सपॉन्डरचे आकडे कंट्रोलरला काय सांगतात

हवाई वाहतूक सांभाळणाऱ्या कंट्रोलरच्या स्क्रीनवर जे विमान दिसतं, ते बहुतेक वेळा विमानाने स्वतः दिलेलं उत्तर असतं. जमिनीवरचं सेकंडरी रडार १०३० मेगाहर्ट्झवर प्रश्न विचारतं, विमानातला ट्रान्सपॉन्डर १०९० मेगाहर्ट्झवर उत्तर देतो, आणि त्या उत्तरातल्या चार आकड्यांवरून ठिपक्याला नाव मिळतं. नव्याने उड्डाण शिकणारे, एटीसीच्या, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणाच्या परीक्षेची तयारी करणारे आणि मोबाइलवर विमानं बघत बसणारे, सगळ्यांना ७५००, ७६०० आणि ७७०० हे तीन आकडे पाठ असतात. अपहरण, रेडिओ बंद, आणीबाणी. एवढ्यावर बहुतेकांचं पाठांतर थांबतं. कोड दिसल्यावर कंट्रोलर पुढे काय करतो हे कळलं, तर तिघांमधला फरक आपोआप लक्षात राहतो: ७७०० मध्ये तो प्रश्न विचारतो, ७६०० मध्ये तो चाचणी घेतो आणि ७५०० मध्ये तो एकदाच विचारून गप्प बसतो.

आधी कोड म्हणजे काय ते बघू

रडार दोन प्रकारचे प्रश्न विचारतं: तू कोण, आणि तू किती उंचीवर. दोन्ही प्रश्न म्हणजे दोन-दोन स्पंदनंच, फरक असतो तो त्यांच्यामधल्या अंतराचा. ८ मायक्रोसेकंदांचं अंतर असेल तर ट्रान्सपॉन्डर आपला कोड सांगतो, यालाच मोड ए म्हणतात. २१ मायक्रोसेकंदांचं असेल तर उंची सांगतो, तो मोड सी. विमानात अल्टिमीटर सेटिंग काहीही असलं तरी ही उंची नेहमी १०१३.२ हेक्टोपास्कलच्या प्रमाण दाबावर मोजलेली आणि शंभर-शंभर फुटांच्या टप्प्यांत असते.

कोडच्या उत्तरात सुरुवातीला आणि शेवटी एकेक चौकटीचं स्पंदन असतं आणि त्यांच्यामध्ये बारा जागा. प्रत्येक जागी स्पंदन असतं किंवा नसतं. प्रत्येक आकड्याच्या वाट्याला तीन जागा येतात, त्यांची किंमत ४, २ आणि १. तिन्ही भरल्या की ७ होतात, त्यापुढे जागाच नाही. म्हणून ट्रान्सपॉन्डरच्या कोडमध्ये ८ आणि ९ कधीच येत नाहीत. स्क्वॉक म्हणजे कोड लावणं. "स्क्वॉक १९८०" असं कुठे लिहिलेलं दिसलं, तर लिहिणाऱ्याने ट्रान्सपॉन्डर कधी हाताळलेला नाही असं खुशाल समजा. ०००० ते ७७७७ मिळून एकूण ४०९६ कोड होतात. जगभरच्या वाहतुकीला एवढे पुरत नाहीत, म्हणून तेच कोड वेगवेगळ्या भागांत पुन्हा पुन्हा वापरले जातात.

आपले तीन कोड या जागांमध्ये असे बसतात:

```
7500   111 101 000 000
7600   111 110 000 000
7700   111 111 000 000
```

तिघांत फरक फक्त दुसऱ्या आकड्याचा, आणि तोही एखाद्या-दुसऱ्या स्पंदनाचा. ७६०० मध्ये एक स्पंदन वाढलं की ७७०० झालं. दोन विमानं रडारपासून जवळजवळ सारख्याच अंतरावर आणि एकाच दिशेला असतील, तर त्यांची उत्तरं एकमेकांत मिसळतात आणि क्षणभर भलताच कोड वाचला जाऊ शकतो. त्यामुळे रडारच्या अँटेनाच्या एका फेरीत दिसून पुढच्या फेरीत गायब झालेला आणीबाणीचा कोड आणि सलग तीन-चार फेऱ्या टिकलेला कोड, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तिन्ही कोडच्या शेवटी दोन शून्यं का, हा प्रश्न शिकाऊ मंडळी हमखास विचारतात. सुरुवातीच्या काळात पहिले दोनच आकडे वापरात होते, म्हणजे एकूण ६४ कोड. चार आकडे आल्यावरही सर्वांसाठी सामाईक असलेले कोड तसेच राहिले. अमेरिकेतला व्हीएफआरचा, म्हणजे बाहेर बघून उडणाऱ्या विमानांचा १२००, युरोपातला ७०००, आणि कुणी कोड दिलेलाच नसेल तेव्हा लावायचा २०००, हे त्याच घरातले.

कोड लावताना

क्लिअरन्सबरोबर कोड येतो: "स्क्वॉक फोर टू वन फाइव्ह." तो लिहून घ्या, वाचून दाखवा, मग लावा आणि खिडकीत खरंच ४२१५ आलंय का ते डोळ्यांनी बघा. नंतर मोडचा स्विच 'एएलटी'वर आहे ना तेही बघा. नुसत्या 'ऑन'वर ठेवलंत तर कोड जाईल, उंची जाणार नाही. मग कंट्रोलरला उंची तुमच्या तोंडून ऐकावी लागेल, आणि दुसऱ्या विमानातल्या टक्कर टाळणाऱ्या यंत्रणेलाही तुम्ही किती उंचीवर आहात ते कळणार नाही.

'आयडेंट'चं बटण सांगितल्याशिवाय दाबू नका. ते दाबलं की उत्तराच्या शेवटी एक जादा स्पंदन जोडलं जातं, काही सेकंदांसाठी तुमचं चिन्ह कंट्रोलरच्या स्क्रीनवर उठून दिसतं आणि मग पूर्ववत होतं. हे बटण लक्षात ठेवा, रेडिओ गेल्यावर तेच तुमचं तोंड होणार आहे.

खरी गफलत होते ती नॉब फिरवून कोड बदलायच्या जुन्या पेटीवर. समजा २७०० वरून ७२०० वर जायचंय. हात सवयीने डावीकडच्या पहिल्या आकड्याकडे जातो. २ चा ७ केला की खिडकीत ७७०० उभा, आणि तिकडे कंट्रोलरचा अलार्म वाजलेला. म्हणून आधी दुसरा आकडा बदला, २७०० चे २२०० करा, मग पहिला बदलून ७२०० करा. अमेरिकेच्या एफएएच्या वैमानिक मार्गदर्शिकेत अगदी हेच उदाहरण दिलेलं आहे. आकडे कीपॅडवर टाइप करायच्या नव्या पेट्यांत हा धोका कमी आहे, पण अनेक शिकाऊ विमानांत अजून नॉबच असतात.

स्क्रीनवर नेमकं काय होतं

एरवी ठिपक्याशेजारच्या लेबलमध्ये कॉलसाइन, उंची आणि वेग असतो. कोड ४२१५ हा अमुक फ्लाइटचा, हे संगणकाला फ्लाइट प्लॅनवरून माहीत असतं, म्हणून तो आकड्याच्या जागी नाव दाखवतो. तीनपैकी एखादा कोड आला की लेबलचा रंग बदलतो, ते लुकलुकायला लागतं, जोडीला आणीबाणी, रेडिओ किंवा अपहरण सांगणारी दोन-चार अक्षरं येतात आणि बहुतेक ठिकाणी आवाजही होतो. प्रणालीगणिक रूप वेगळं, पण एक गोष्ट सगळीकडे सारखी: शेजारच्या सेक्टरमध्ये, म्हणजे दुसऱ्या कंट्रोलरच्या हद्दीत, ते विमान दिसत असेल तर तिथेही हे दिसतं. म्हणजे फोन उचलण्याआधीच शेजाऱ्याला कुणकुण लागलेली असते.

यात एक अडचण आहे. नाव जर कोडवरून जुळलेलं असेल, तर कोड बदलल्यावर जुळणी तुटू शकते, आणि ७७०० लावणारं विमान नेमकं कोणतं हेच लेबलवरून जायचा संभव असतो. मोड एस ट्रान्सपॉन्डरने हे बरंचसं सुटलं. त्यात प्रत्येक विमानाला २४ बिटांचा स्वतःचा कायमचा पत्ता असतो आणि वैमानिकाने भरलेला कॉलसाइनही त्याबरोबर जातो, चार आकडे काहीही असोत.

७७००: विचारा, पण बेताने

हा कोड फक्त "गंभीर संकट" एवढंच सांगतो. आग, इंजिन, आजारी प्रवासी, काहीही असू शकतं. कंट्रोलरला बाकीचं विमानाच्या हालचालीवरून ताडावं लागतं. एक उदाहरण घेऊ.

मुंबईच्या पूर्वेला सह्याद्रीवरून एक जेट ३७,००० फुटांवर चाललंय आणि केबिनमधला दाब गेला. वैमानिकांनी मास्क चढवले, विमान खाली टाकलं आणि ७७०० लावला. कंट्रोलरला आधी काही ऐकू येत नाही. लांब पल्ल्याच्या रडारची एक फेरी साधारण १० ते १२ सेकंदांची. मिनिटाला ६,००० फुटांनी उतरणारं विमान एका फेरीत हजारेक फूट खाली येतं, तेव्हा लेबलवर ३७०, मग ३६०, मग ३५० असे आकडे पडत जातात. लाल लेबल आणि घसरणारी उंची, एवढ्यावर अनुभवी कंट्रोलर ओळखतो की हे बहुधा दाब गेल्यामुळे केलेलं उतरणं आहे आणि विमान १०,००० फुटांवर जाऊन थांबेल. त्याला साडेचार मिनिटं लागतील.

मग पहिलं काम बोलण्याचं नाही, खालची वाट मोकळी करण्याचं. ३५,००० आणि ३३,००० वर कुणी असेल तर त्याला लगेच वळवायचं. दुसरं काम जमिनीकडे बघण्याचं. कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे ५,४०० फूट, तेव्हा सह्याद्रीवर १०,००० फूट निर्धास्त. हेच हिमालयाजवळ घडलं असतं तर हा हिशोब चालला नसता. तिसरं काम विचारण्याचं: काय झालंय, काय करायचा विचार आहे. विमानात किती माणसं आणि किती वेळाचं इंधन, हे प्रश्न नंतरचे. अग्निशमन दलाला ते लागतात, पण विमान उतरत असताना मास्कमधून घरघरत बोलणाऱ्या वैमानिकाला ते विचारून उपयोग नाही. नवशिक्या कंट्रोलरची इथे फार घाई होते, आणि माझ्या मते प्रशिक्षणात शांत राहण्यावर जेवढा भर द्यायला हवा तेवढा दिला जात नाही.

आता वैमानिकाच्या बाजूने. कंट्रोलरने आधीच कोड दिलेला असेल आणि त्याच्याशी बोलणं चालू असेल, तर संकटातही तोच कोड ठेवायचा, बदल म्हणून सांगितलं तरच बदलायचा, असा आयसीएओ या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचा नियम आहे. "मेडे" तोंडाने सांगता येत असेल तर ७७०० ने नवीन काही कळत नाही. मात्र तोच नियम पुढे म्हणतो की ७७०० लावणंच योग्य असं वैमानिकाला सकारण वाटलं, तर त्याने तो लावावा. वरच्या उदाहरणात बोलायला सवड नव्हती, तेव्हा लावला ते बरोबरच.

७६००: चाचणी घ्या

रेडिओ बंद झाला असं वाटलं की लगेच ७६०० लावू नका. आधी आवाज वाढवा, हेडसेटची पिन नीट बसली आहे का बघा, मागच्या फ्रिक्वेन्सीवर जा, १२१.५ या आणीबाणीच्या फ्रिक्वेन्सीवर बोलून बघा. माइकचं बटण अडकून राहिलंय का तेही तपासा, कारण ते अडकलं तर तुम्हाला काही ऐकू येत नाही आणि बाकीच्यांचीही फ्रिक्वेन्सी अडते. यातलं काहीच लागू पडलं नाही की मग ७६००.

कंट्रोलरला यावरून एवढंच कळतं की वैमानिकाला आपला रेडिओ गेल्याचं माहीत आहे. पण बोलणं गेलंय, ऐकणं गेलंय की दोन्ही, हे कोड सांगत नाही. म्हणून तो चाचणी घेतो: "ऐकू येत असेल तर स्क्वॉक आयडेंट." पुढच्या फेरीत चिन्ह उठून दिसलं की कळलं, कान शाबूत आहेत, फक्त तोंड बंद आहे. त्यानंतर काम जवळपास नेहमीसारखं चालतं. कंट्रोलर वळण देतो, विमान वळतं, वैमानिक आयडेंट दाबून होकार देतो. आयडेंटऐवजी ठरावीक वळण घ्यायला सांगूनही ही चाचणी घेता येते.

आयडेंट आलं नाही तर मात्र दोघांनाही पुस्तकावर चालावं लागतं, आणि दोघांचं पुस्तक एकच असल्यामुळे ते चालतं. उपकरणांवर, ढगांतून उडणाऱ्या विमानासाठी आयसीएओचा ढोबळ नियम असा: रडारच्या क्षेत्रात शेवटचा दिलेला वेग आणि उंची ७ मिनिटं तशीच ठेवायची, मग फ्लाइट प्लॅनमध्ये लिहिल्याप्रमाणे जायचं. ही ७ मिनिटं कोड लावल्यापासून मोजता येतात, म्हणून तो किती वाजता लावला ते वैमानिकाने लिहून ठेवावं. ४८० नॉट वेगाचं विमान ७ मिनिटांत ५६ नॉटिकल मैल जातं. तेवढ्या पट्ट्यात ते काय करणार हे कंट्रोलरला पक्कं ठाऊक असतं, आणि बाकीच्यांना बाजूला काढायला तेवढा वेळ पुरतो. हवा स्वच्छ असेल आणि जमीन दिसत असेल तर वेगळा नियम: तसंच दिसत्या हवेत राहून जवळच्या योग्य विमानतळावर उतरा. अमेरिकेचे या बाबतीतले नियम थोडे निराळे आहेत, तिकडे उडणाऱ्यांनी ते वेगळे वाचावेत.

विमानतळाजवळ आल्यावर टॉवर दिव्याने बोलतो. स्थिर हिरवा म्हणजे उतरा, स्थिर लाल म्हणजे दुसऱ्याला वाट द्या आणि घिरट्या चालू ठेवा, लुकलुकणारा लाल म्हणजे विमानतळ धोक्याचा, उतरू नका. दिवसा पंख हलवून आणि रात्री लँडिंग लाइट चालू-बंद करून पोच द्यायची.

यापेक्षा वाईट प्रसंग म्हणजे रेडिओ गेलाय हे वैमानिकाला माहीतच नसणं. १६ फेब्रुवारी २०१७ ला जेट एअरवेजचं मुंबई–लंडन विमान, ९डब्ल्यू ११८, जर्मनीवर असताना त्याचा संपर्क तुटला. जर्मन हवाई दलाची लढाऊ विमानं शेजारी येऊन उडू लागली. नंतर संपर्क झाला आणि विमान लंडनला सुखरूप उतरलं. नेहमीचा कोड लावून गप्प चाललेलं विमान बघून कंट्रोलरला ते बोलू शकत नाही की बोलू इच्छित नाही, हे ठरवता येत नाही. ७६०० दिसला असता तर निदान कॉकपिटमध्ये कुणीतरी जागं आहे एवढं कळतं. म्हणून बराच वेळ फ्रिक्वेन्सीवर काहीच ऐकू आलं नाही, तर एकदा "रेडिओ चेक" मागण्यात लाजू नका.

७५००: एकदाच विचारा

इथे कंट्रोलर विचारतो तो एकच प्रश्न, आणि तोही अगदी साध्या सुरात: "कन्फर्म स्क्वॉक सेव्हन फाइव्ह झिरो झिरो." अपहरण हा शब्द फ्रिक्वेन्सीवर काढायचा नाही, कारण कॉकपिटमध्ये कोण ऐकतंय ते माहीत नसतं. वैमानिकाने एकतर हो म्हणायचं, नाहीतर काहीच बोलायचं नाही. दोन्हींचा अर्थ एकच घेतला जातो: कोड चुकून लागलेला नाही. म्हणजे ७६०० च्या वेळी उत्तर न येणं हा न सुटलेला प्रश्न असतो, तर ७५०० च्या वेळी उत्तर न येणं हेच उत्तर असतं. खरोखर चुकून लावला असेल तर मात्र तिथल्या तिथे, स्पष्ट शब्दांत चूक सांगा आणि नेमून दिलेला कोड लावा.

खात्री झाल्यावर कंट्रोलर आणखी काही विचारत नाही. तो वरिष्ठांना कळवतो, तिथून सुरक्षा यंत्रणा हलतात. विमान वाटेल तिकडे वळलं, परवानगीशिवाय उंची बदलली, तरी तो हटकत नाही, बाकीच्यांना दूर ठेवतो आणि विमानाला लागेल ती माहिती न मागता देत राहतो.

चुकून लावलेल्या ७५०० ची किंमत ६ नोव्हेंबर २०१९ ला ॲमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळाने पाहिली. माद्रिदला निघायच्या तयारीत असलेल्या एअर युरोपाच्या विमानातून अपहरणाचा इशारा चुकून गेला. लष्करी पोलीस विमानाभोवती आले, टर्मिनलचा काही भाग बंद झाला, आणि शेवटी कंपनीने जाहीर केलं की इशारा चुकून गेला होता, सगळे सुखरूप आहेत. शिकवायचं असेल, दाखवायचं असेल, तर ट्रान्सपॉन्डर 'स्टँडबाय'वर टाका आणि मगच हे आकडे फिरवा. विमान जमिनीवर आहे म्हणून कुणाला दिसणार नाही, या भरवशावर राहू नका.

आणि या कोडची मर्यादा ११ सप्टेंबर २००१ ला दिसली. चारही विमानांतल्या एकाही वैमानिकाला तो लावता आला नाही. तीन विमानांत अपहरणकर्त्यांनी ट्रान्सपॉन्डर बंद केला. युनायटेड १७५ मध्ये तो चालू राहिला, पण ८:४७ ला कोड बदलला आणि लगेच पुन्हा बदलला. हे काही मिनिटं कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण तोच कंट्रोलर त्या वेळी अमेरिकन ११ ला शोधत होता. ८:५१ ला त्याला वेगळा कोड दिसला, त्याने हाका मारल्या, उत्तर आलं नाही. ९:०३ ला विमान वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या दक्षिणेकडच्या टॉवरवर आदळलं. तेव्हापासून न सांगता बदललेला साधा कोड किंवा अचानक नाहीसं झालेलं उत्तर यांच्याकडेही कंट्रोलर गांभीर्याने बघतात.

मोबाइलवर बघणाऱ्यांसाठी

ॲपवर ७७०० दिसला की स्क्रीनशॉट फिरायला लागतात. त्याआधी तीन गोष्टी बघा. कोड मिनिटभर तरी टिकलाय का? उंचीचा आलेख सरळ आहे की कोसळतोय? विमान मूळ विमानतळाकडे वळलंय की आपल्या वाटेनेच चाललंय? सरळ उंचीवर, शांतपणे जवळच्या मोठ्या विमानतळाकडे वळलेल्या ७७०० मध्ये अनेकदा आजारी प्रवासी किंवा एखादा तांत्रिक बिघाड असतो. उलट बाजूही लक्षात घ्या: मेडे दिलेलं विमान नेमून दिलेल्या कोडवरच राहू शकतं, तेव्हा ॲपवर काही लाल दिसलं नाही म्हणून वर सगळं ठीक आहे असंही धरता येत नाही.